बाळंतिणीचे मन आणि प्रस्तावातील आकडे

बाळंतिणीची खोली हा मराठवाड्यातील घराचा सर्वांत जपलेला कोपरा असतो. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपेची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला घट्ट बांधलेले फडके, बाळाच्या टाळूवर तेल. सव्वा महिना बाळंतिणीच्या अंगाला वारा लागू नये म्हणून घरातील चार बायका झटत असतात. शरीराची इतकी काळजी घेणाऱ्या या व्यवस्थेत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. बाई, तुझे मन कसे आहे? विचारलाच, तर उत्तराची वाट पाहिली जात नाही. सोन्यासारखे लेकरू मांडीवर असताना डोळ्यांत पाणी कशाला, असे म्हणून विषय संपविला जातो.

नांदेड जिल्ह्यातील बिलोली हे अशा हजारो घरांचे गाव आणि तालुका. नांदेडहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, तेलंगणच्या सीमेला टेकलेला. मांजरा ओलांडली की पलीकडे बोधन. घरांत मराठीबरोबर तेलुगू, दखनी आणि तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. अशा लहान गावांत गरोदर व बाळंत स्त्रियांच्या नैराश्यावर काम करू इच्छिणारी एखादी संस्था अनुदानासाठी प्रस्ताव लिहायला बसते तेव्हा पहिल्या पानावर काय लिहिते, यावर पुढच्या तीन वर्षांचे बरेचसे भवितव्य ठरते. म्हणून त्या पहिल्या पानाचा, म्हणजे प्रकल्प का हवा याच्या मांडणीचा, येथे विचार करावयाचा आहे.

आधी आजाराविषयी. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक स्त्रियांना उगाचच रडू येते, चिडचिड होते. ही अवस्था दोनेक आठवड्यांत आपोआप ओसरते. तिला औषध नको, विश्रांती आणि जवळचे माणूस हवे. नैराश्य वेगळे. त्यात उदासी आठवडेच्या आठवडे टिकते, कशातच मन लागत नाही, मूल झोपले असतानाही आईला झोप येत नाही, आपण आई व्हायला नालायक आहोत असे तिला मनोमन वाटू लागते. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 23 टक्के मातांना प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी हा त्रास असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या, म्हणजे आजाराची सुरुवात बाळंतपणाच्या आधीच झाली होती. घरातील आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणे होती आणि मुलगी झाल्यास भूक व मारहाण यांचा परिणाम अधिकच खोल जात होता. कुटुंबसंस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने हे शेवटचे वाक्य दोनदा वाचायला हवे.

आता उपचाराकडे वळू. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानंतर जी मोजदाद झाली तीत देशात लाख लोकसंख्येमागे एकही पूर्ण मनोविकारतज्ज्ञ भरत नव्हता. आकडा होता 0.75. त्यातही बहुतेक जण शहरांत. बिलोलीच्या बाईने नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायचे तर दिवसाची मजुरी, बसभाडे, कडेवरचे मूल आणि 'वेड लागले म्हणून नेले' ही गावातली कुजबूज, एवढे सारे पार करावे लागते. तेव्हा तज्ज्ञांचे काही काम, नीट बेतलेले आणि मर्यादित, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या स्त्रीकडे सोपवायचे, असा विचार पुढे आला. यास कामाची वाटणी म्हणतात. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील साध्या शिकलेल्या स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेतली आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटविले. 1999 साली ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले आणि पुढे याच धर्तीवर देशभरच्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देऊ लागल्या. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत अशा सहा भेटी असतात. बाळाचे वजन होते, नाळ पाहिली जाते. आईच्या मनाची विचारपूस मात्र त्या भेटींच्या गाभ्यात नव्हती.

मनासाठी असेच काम प्रथम मोठ्या प्रमाणावर उभे राहिले ते रावळपिंडीच्या ग्रामीण भागात. नाव वाचून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु बाळंतिणीचे दुःख नकाशा पाहून येत नाही. मनोविकारतज्ज्ञ अतीफ रहमान यांनी तेथील सरकारी आरोग्यसेविकांना काही बैठकींचा एक साधा कार्यक्रम शिकविला. 'थिंकिंग हेल्दी' हे त्याचे नाव. नैराश्य असलेल्या 903 गरोदर स्त्रियांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा कार्यक्रम मिळालेल्यांत 23 टक्के, तर न मिळालेल्यांत 53 टक्के स्त्रिया अजूनही नैराश्यात होत्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची पुस्तिका काढली.

अनुदानाच्या प्रस्तावांत हाच आकडा उद्धृत होतो आणि बहुधा तेथेच थांबतो. पुढची गोष्ट सांगितली जात नाही. ती गोष्ट गोव्याची आहे, म्हणून बिलोलीला अधिक जवळची.

गोव्यात 'संगाथ' या संस्थेने तोच कार्यक्रम अधिक सोपा करून, आरोग्यसेविकांऐवजी गावातीलच सामान्य मातांच्या हाती दिला. कसलीही पदवी नसलेल्या, पण स्वतः लेकरे वाढविलेल्या या स्त्रिया. गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत प्रत्येकीला 6 ते 14 भेटी द्यायच्या असे ठरले. 2014 ते 2016 या काळात नोंदविलेल्या 280 स्त्रियांपैकी निम्म्यांना या भेटी मिळाल्या. उरलेल्या निम्म्यांना नेहमीची सेवाच जरा सुधारून मिळाली, म्हणजे चाचणीचा निकाल त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगितला गेला, माहिती दिली गेली. 2019 साली निकाल आला. भेटी मिळालेल्यांपैकी ज्यांची सहा महिन्यांनी माहिती घेता आली अशा 122 जणींत 89, म्हणजे 73 टक्के, पूर्ण सावरल्या होत्या. दुसऱ्या गटातील 129 जणींत 77, म्हणजे 60 टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर जेमतेम उतरला. लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत तर दोन गटांत स्पष्ट फरक दिसलाच नाही. त्याच वर्षी रावळपिंडीजवळ सामान्य स्त्रियांकरवीच झालेल्या जुळ्या चाचणीत सहा महिन्यांनंतर ठोस फरक आढळला नाही.

याचा अर्थ कार्यक्रम फोल आहे असा काढणे चुकीचे. अर्थ असा की, पुष्कळ स्त्रिया काळाच्या ओघात आणि थोड्या विचारपुशीनेही सावरतात आणि शिकविलेल्या स्त्रीच्या भेटींनी त्यांत आणखी काही जणींची भर पडते. ती भर किती, हे प्रस्तावात प्रामाणिकपणे लिहिणे हाच खरा प्रश्न आहे.

यापेक्षा मोठी चूक एका वेगळ्या आकड्याने होते. 2017 साली भारतातील 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात प्रसूतिपश्चात नैराश्याचे प्रमाण 22 टक्के निघाले. हा आकडा सोयीचा आहे. प्रस्ताव लिहिणाऱ्याला तो फार आवडतो. परंतु गोव्याच्या त्या चाचणीत प्रत्यक्ष काय झाले? रुग्णालयांत 6,369 गरोदर स्त्रियांना नऊ प्रश्नांची चाचणी देण्यात आली आणि तीत नैराश्याकडे बोट दाखविणारे गुण मिळाले केवळ 333 जणींना. म्हणजे 5 टक्के. 22 कोठे आणि 5 कोठे! दोन्ही आकडे खरे आहेत. मोजण्याची साधने निरनिराळी, मोजण्याची वेळ निराळी, कुठे आजाराची रेषा खाली ओढलेली तर कुठे वर. आणि दवाखान्याच्या गर्दीच्या ओवरीत, सासूच्या देखत, अनोळखी बाईला आपले मन उघडे करणे किती जणींना जमते?

या फरकाचा बिलोलीत काय परिणाम होतो ते हिशेब करूनच पाहावे. समजा, एखाद्या संस्थेने वर्षाकाठी 1,500 गरोदर स्त्रियांपर्यंत पोहोचायचे ठरविले. 22 टक्क्यांनी 330 स्त्रिया होतात. 5 टक्क्यांनी 75. प्रत्येकीला सरासरी दहा भेटी धरल्या तर एकीकडे 3,300 भेटी, दुसरीकडे 750. आठवड्याला आठ भेटी आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर अर्धवेळ काम करणारी एक समुपदेशिका वर्षाला 400 भेटी देऊ शकेल. पहिल्या हिशेबाने आठ-नऊ जणी लागतात, दुसऱ्याने दोन. प्रत्यक्षात मात्र दोघींवर भागणार नाही, कारण कुंडलवाडी, सगरोळी, शंकरनगर आणि बिलोली शहर एकाच दिवशी फिरता येत नाही आणि तेलुगू बोलणाऱ्या बाईशी तेलुगूतूनच बोलावे लागते. चार जणी घ्याव्यात, त्यांपैकी किमान एक तेलुगू आणि एक दखनी वा गोरमाटी नीट बोलणारी असावी. हा हिशेब प्रस्तावात आला तर वाचणाऱ्याला कळते की लिहिणाऱ्याने तालुका पाहिला आहे.

आणि 330 लिहिले तर? पहिल्या वर्षाअखेर 80 स्त्रिया सापडतात. अनुदान देणारा विचारतो, उद्दिष्ट का गाठले नाही? मग दुसऱ्या वर्षी कोणी खोटे बोला असे सांगत नाही, पण आठ-नऊ गुणांची बाई हळूहळू दहा गुणांची होऊ लागते. दहा ही रेषा आहे, हे क्षेत्रातील प्रत्येकीला ठाऊक असते. अशा प्रकल्पाच्या नोंदी पाहिल्या की खोट लगेच ओळखू येते. दहा आणि अकरा गुणांच्या स्त्रियांची गर्दी, आठ आणि नऊच्या जवळपास कोणीच नाही, मरणाच्या विचाराविषयीच्या नवव्या प्रश्नाला सर्वांचे शून्य आणि अखेरच्या तपासणीत जवळजवळ प्रत्येकीचे गुण नेमके चार, कारण पाचाखाली आले की 'सावरली' असे धरतात. खऱ्या माणसांचे आकडे असे रांगेत उभे राहत नाहीत.

आता 75 जणींचा हिशेब पुढे नेऊ. गोव्याचेच प्रमाण धरले तर विचारपूस आणि माहिती यांवर त्यांतील 45 सावरतील. शिकविलेल्या स्त्रीच्या भेटींनी 55. म्हणजे प्रकल्पाच्या भेटींमुळे एका वर्षात अधिकच्या सावरलेल्या स्त्रिया सुमारे दहा. प्रस्तावात हेच लिहावे: दहा. 55 नव्हे आणि 330 तर नव्हेच. दहा हा आकडा पाहून काही दाते पाठ फिरवतील, हे उघड आहे. पण त्या दहा जणींच्या मांडीवर दहा बाळे आहेत आणि घरात बहुधा आणखी एखाद-दुसरे लेकरू. शिवाय उरलेल्या 45 जणीही आपोआप सावरलेल्या नाहीत. कोणी तरी विचारले, निदान केले आणि डॉक्टरांना कळविले, हेही त्यामागे आहे. बिलोलीत आज ते विचारणारेही कोणी नसेल, तर प्रकल्पाचे पहिले काम तेच ठरते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालावे, याचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बावीस वर्षांची एक विवाहिता, कुंडलवाडीची. पहिली मुलगी तीन वर्षांची, आता सातवा महिना. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची गरोदर स्त्रियांची तपासणी असते. आशा तिला घेऊन आली आहे. रक्तदाब पाहून झाल्यावर समुपदेशिका तिला बाजूच्या खोलीत नेते. सासूला बाहेर थांबवायचे कसे, हेही शिकविण्याचाच भाग आहे. 'यांचं वजन-उंची घ्यायची आहे, तुम्ही टेका जरा' एवढे पुरते. मग नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत असे किती दिवस वाटले, यावर प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. पुस्तकी मराठीत 'आपणांस नैराश्य जाणवते काय' असे विचारले तर उत्तर नाही असेच येणार. 'काही करू वाटंना असं होतं का? मन लागंना का?' असे विचारले की डोळे भरतात.

तिचे गुण समजा असे पडले: रस नसणे 2, उदासी 2, झोप 3, थकवा 2, भूक 1, स्वतःविषयी वाईट वाटणे 2, चित्त न लागणे 1, मंदावणे 0, मरून जावे असे वाटणे 1. एकूण 14. येथे दोन गोष्टी तपासायच्या. सातव्या महिन्यात झोप, थकवा आणि भूक ही लक्षणे गरोदरपणाचीही असू शकतात. ते सहा गुण बाजूला ठेवले तरी आठ उरतात आणि ते मनाचे आहेत. म्हणून हे केवळ पोटातल्या बाळाचे ओझे नाही. त्याच दिवशी हिमोग्लोबिनचा अहवाल पाहायचा आणि डॉक्टरांना वाटल्यास थायरॉइडची तपासणी करायची, कारण रक्ताची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड उदासीचे सोंग घेऊन येतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मरणाच्या प्रश्नाला शून्य नाही. तेव्हा समुपदेशिकेने न घाबरता विचारायचे: कसे वाटते, काही ठरविले आहे का, घरात फवारणीचे औषध कोठे असते? उत्तर काहीही असो, वैद्यकीय अधिकाऱ्याला त्याच दिवशी सांगायचे आणि पर्यवेक्षकालाही. मरणाविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे. न विचारल्याने मात्र तो आतच राहतो.

पहिली घरभेट होते तेव्हा सासू समोर बसलेली असते. अर्धी भेट रक्तवाढीच्या गोळ्या आणि आहारात जाते आणि ती वाया जात नाही. पुढच्या भेटींचे दार त्यातून उघडते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळते की तिने शेजारणीकडे जाणे सोडले आहे, केसांना तेल लावणे सोडले आहे, गोधडी अर्धी पडली आहे. 'मन लागलं की करीन' असे ती म्हणते. उपचाराचे मर्म नेमके येथे आहे. नैराश्यात मन आधी लागत नाही. आधी हात हलवावे लागतात, मग मन मागोमाग येते. म्हणून दोघी मिळून ठरवितात: दुपारी मुलगी झोपली की ओट्यावर बसून पाव तास गोधडी, शेजारीण येईल तर तिच्यासोबत. पाव तासच, अर्धा नाही. पुढच्या भेटीत विचारायचे ते 'बरं वाटतंय का' असे नव्हे, तर 'किती दिवस जमलं, कोणत्या दिवशी नाही जमलं, त्या दिवशी काय झालं होतं' असे. चौथ्या भेटीत ती खरे बोलते: दुसरीही मुलगीच झाली तर या घरात माझे काही खरे नाही.

या वाक्यापाशी न शिकलेली, पण चांगल्या मनाची बाई हमखास चुकते. 'असं मनात आणू नये, देव सगळं बघतो, सांभाळून घे गं, संसार आहे' असे ती म्हणते. म्हणणारीच्या मनात माया असते. ऐकणारीला मात्र कळते की आपले म्हणणे येथेही ऐकले जाणार नाही. समुपदेशिकेने थांबायचे, तिचे वाक्य तिच्याच शब्दांत परत म्हणायचे आणि विचारायचे की हे घरात कोणी बोलले आहे का, नवरा काय म्हणतो. नवऱ्याशी एक भेट ठरवायची. मुलगा-मुलगी होणे बापाकडून ठरते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते, असे पुष्कळदा होते. आणि मारहाण होत असेल, तर ते प्रकरण 'समजुतीने घे' म्हणून झाकण्याचे नाही. 181 ही महिला हेल्पलाइन आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा समुपदेशिकेला ठाऊक असले पाहिजेत. पुढे काय करायचे हे त्या बाईने ठरवायचे, पण माहिती तिच्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे. घर टिकविण्यासाठी बाईने मोडून पडावे, अशी अट आपल्या कोणत्याही परंपरेने घातलेली नाही.

चार भेटींनंतरही गुण उतरले नाहीत, तर नांदेडच्या तज्ज्ञाकडे पाठवायचे; त्यात समुपदेशिकेचे अपयश नाही. एक अवस्था तर तिच्याकडे ठेवायचीच नाही. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन आठवड्यांत भ्रम होतात, झोप उडते, बाळाविषयी विचित्र बोलणे सुरू होते. हे नैराश्य नसून तातडीचा आजार आहे. आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय. प्रस्तावात या दोन वाटा, गाडीच्या भाड्यासह, लिहिलेल्या हव्यात.

मग बाळंतपण येते आणि गोष्ट बिलोलीची राहत नाही. ती माहेरी जाते. माहेर मांजरेपलीकडे बोधनकडच्या गावात असेल तर राज्य बदलले, आशा बदलली, भाषाही बदलली. आजाराचा सर्वांत नाजूक काळ नेमका तेव्हाच असतो आणि प्रकल्पाच्या वहीत त्या काळापुढे 'गैरहजर' असे लिहिले जाते. या एका कारणाने अनेक चांगले प्रकल्प मधोमध पोकळ राहतात. उपाय अवघड नाही, पण आधीच लिहावा लागतो. सातव्या महिन्यातच माहेरचे गाव आणि एक विश्वासाचा दूरध्वनी नोंदवायचा. माहेरी जाण्याआधीची भेट केवळ या संक्रमणासाठी ठेवायची आणि तीत शक्य तर तिच्या आईलाही फोनवर घ्यायचे. नंतर दर आठवड्याला ठरलेल्या वारी, बाळाला पाजून झाल्यावरच्या वेळी फोन करायचा. आणि ती परत आली की सात दिवसांत घरभेट व पुन्हा नऊ प्रश्न. माहेरच्या आईला हाताशी धरणे हे तर पुष्कळदा कोणत्याही समुपदेशिकेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

या सगळ्यात पैसा कोठे लागतो? वाचकांपैकी अनेकांना वाटेल, प्रशिक्षणात. प्रशिक्षण थोड्या आठवड्यांचे असते. खरा खर्च पर्यवेक्षणाचा आहे आणि प्रस्तावातून पहिली कात्री लागते ती त्यालाच. गोव्यातील सामान्य समुपदेशकांच्या कामात एक पद्धत रुजली: रुग्णाची संमती घेऊन बैठक ध्वनिमुद्रित करायची, ती गटात ऐकायची आणि सहकाऱ्यांनीच ठरलेल्या मुद्द्यांवर गुण द्यायचे. ऐकले किती, बोलली किती, गेल्या वेळच्या ठरावाची चौकशी केली का, उपदेश केला का. बिलोलीतील चार जणींनी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा दिवस असे बसावे, महिन्यातून एकदा नांदेडचा मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ त्यांत असावा आणि तातडीच्या फोनसाठी एक माणूस रोज उपलब्ध असावा. हे नसेल तर सहा महिन्यांत समुपदेशिका पुन्हा 'सांभाळून घे गं' वर येते. ती वाईट नसते. एकटी पडलेली असते. दुसऱ्याचे दुःख आठवड्याला आठ वेळा ऐकणारीलाही कोणी ऐकावे लागते.

दात्यांच्या बाजूने एक गैरसमज येथे आड येतो. कंपनी कायदा 2013च्या कलम 135 खाली ज्या कंपन्या सामाजिक दायित्वासाठी नफ्याचे 2 टक्के खर्च करतात, त्यांना प्रशासकीय खर्चावर 5 टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासनाची आहे. प्रकल्प राबविण्यासाठी आणि त्यावर देखरेख ठेवण्यासाठी थेट होणारा खर्च तीत धरलेला नाही. तरीही पर्यवेक्षकाचे मानधन 'प्रशासन' म्हणून नाकारले जाते. प्रस्तावात ते त्या मथळ्याखाली लिहूच नये. ते उपचाराचा भाग आहे, जसा हिमोग्लोबिन तपासण्याचा खर्च. तसेच समुपदेशिकेला मानधन द्यावे. सेवाभावाने काम करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे आणि तिचा आदर आहेच; पण कापूसवेचणीच्या दिवसांत मजुरी सोडून बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या बाईकडून ती फुकट मागणे योग्य नाही. आशांवरही हे सारे टाकू नये. त्यांच्याकडे शोधण्याचे आणि सोबत आणण्याचे काम द्यावे, त्याचा मोबदला द्यावा. दहा भेटींचे ओझे त्यांच्या आधीच भरलेल्या झोळीत नको.

शेवटी मोजमाप. बाई सावरली की नाही हे जिने भेटी दिल्या तिनेच ठरवू नये. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर नऊ प्रश्न दुसऱ्या, अनोळखी स्त्रीने विचारावेत, ज्यांनी मध्येच भेटी सोडल्या त्यांच्याही घरी जाऊन. दर तिमाहीला आठ आणि नऊ गुणांच्या स्त्रिया किती, नवव्या प्रश्नाला होकार किती जणींचा आणि माहेरी गेलेल्यांपैकी किती जणींशी बोलणे झाले, हे तीन आकडे अनुदान देणाऱ्याकडे जावेत. पहिल्या वर्षी ते देखणे दिसणार नाहीत. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर जर 75 आणि दहा हे आकडे लिहिले असतील, तर देखणे दिसण्याची गरजही पडणार नाही.